पाहुण्यांचा नंबर कशासाठी वापरता येतो?

प्रश्न : तारकर्लीत आमचे होमस्टे आहे. बुकिंगच्या वेळी मिळालेले पाहुण्यांचे नंबर सेव्ह करून व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये टाकते. दिवाळी आणि मे महिन्याचे दर त्यावरच कळवते. नंबर त्यांनीच दिले, मग वेगळी परवानगी लागते का?
– एक वाचक, तारकर्ली

उत्तर : ताई, जाहिरातीसाठी लागते. पाहुण्यांनी नंबर दिला तो बुकिंगसाठी. खोली पक्की झाल्याचे, पैसे मिळाल्याचे किंवा देवबागच्या बोटीची वेळ बदलल्याचे त्यांना जरूर कळवा. पुढच्या हंगामाचे दर पाठवणे हा मात्र वेगळा हेतू आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी वेगळी, स्पष्ट संमती हवी. संमतीच्या तरतुदी मे २०२७मध्ये लागू होतील, पण सवय आतापासून लावा. व्हॉट्सअ‍ॅपचे व्यावसायिक नियम आजही संमती मागतात.

बुकिंगच्या चॅटमध्येच विचारा : ‘सुट्ट्यांचे दर या नंबरवर पाठवू का? हवे असल्यास “हो” लिहा. बंद करायचे असल्यास कधीही “नको” लिहा.’ उत्तर आले नाही, तर तो होकार समजू नका. ‘हो’चा मेसेज जपून ठेवा, कारण संमती सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची असते. ‘नको’ आले, की नंबर लगेच लिस्टमधून काढा. होकार नाही म्हणून खोली नाकारू नका.

जुन्या पाहुण्यांना लिस्टमधून काढा आणि पुढच्या चौकशीच्या वेळी विचारा. यात नुकसान फारसे नाही : ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट तसाही पोहोचत नाही. ग्रुप मात्र करू नका, त्यात सगळ्यांचे नंबर एकमेकांना दिसतात.