चारोळीच्या दोन डब्यांविषयी

आलापल्ली

चि. बाळास,


भामरागडच्या दुकानात तू रुळलास, हे ताईकडून कळलं. माल ओळखायला कसं शिकायचं, असं विचारलंस. तुझ्याआधी अशाच एका दुकानात शिकायला राहिलेल्या पोराची गोष्ट सांगतो.

दुकानात चारोळीचे दोन डबे होते. पहिल्यातली चारोळी टपोरी, अखंड आणि चकचकीत. दुसऱ्यातली बारीक, निस्तेज, मधूनमधून फुटकी. चिठ्ठ्यांवर किलोमागे दोनशे रुपयांचा फरक, पहिली महाग. अहेरीच्या एका मिठाईवाल्याने चांगली चारोळी मागितली. पोराने दोन्हींच्या पुड्या बांधून समोर ठेवल्या आणि गिऱ्हाईक बोलत बसलं. थोड्या वेळाने पोराला दिसलं, की महागाच्या पुडीच्या कागदावर तेलाचा डाग उमटलाय आणि दुसरी पुडी कोरडीच आहे.

त्याने एकेक दाणा दातांनी फोडला. महागाचा आतून पिवळट, चावताना ठीक, पण घशाशी कडवट. स्वस्तातला आत पांढरा आणि गोडसर.

चारोळीत जवळजवळ निम्मं तेल असतं. पत्र्याखालच्या गोदामात उन्हाळा काढला की ते बाहेर येतं, दाणा चकाकतो आणि हवा लागून खवट होतो. म्हणजे ती चकाकी म्हाताऱ्या मालाची होती. चिठ्ठीही खोटी नव्हती, माल आला त्या दिवशी तो तेवढ्या किमतीचाच होता. पण दाणा जुना होत गेला आणि चिठ्ठी तशीच राहिली. पर्लकोटेला पूर आला की तुमचा रस्ता बंद होतो आणि माल पडून राहतो, तेव्हा हे तिथे जास्तच घडणार.

पोरगं हुशार, तेवढ्यावर थांबलं नाही. स्वस्ताचा डबा ज्या पोत्यातून भरला होता, त्यात परखी घालून त्याने वरचा, मधला आणि तळाचा दाणा काढला. तळाशी फुटका चुरा साचला होता आणि तो खवट निघाला. फुटक्या दाण्याला सगळीकडून हवा लागते, म्हणून तो आधी बिघडतो. चुरा चाळून काढला आणि उरलेला माल मिठाईवाल्याने नेला. शेठजींनी पहिल्या डब्याचं काय केलं, ते मला ठाऊक नाही. (शेठजी लोक अशा वेळी बोलत नाहीत!)

तू चव घेशील तेव्हा एक सांभाळ. एक खवट दाणा खाल्ला की पुढचे चांगलेही तसेच लागतात. मध्ये चूळ भर, चिमूटभर मुरमुरे खा. हाताला रॉकेलचा वास असेल तर वासावर निवाडा करू नकोस.

बाजारात माडिया बाया गुठळी आणतात, ती वरून सारखीच दिसते. कच्ची फळं तोडलेली असली तर आत गर नसतो. त्यातल्या शंभर गुठळ्या मोजून पाण्यात टाक आणि तरंगतील त्या मोज. दोन-चार वर आल्या तर चालतं, तीस आल्या तर बोली आधी थांबव. मोजून झालं की ओल्या गुठळ्या पोत्यात परत टाकू नकोस, उन्हात कडक वाळव, नाहीतर बुरशी धरेल.

तुझा,
मामा