‘सिंपथी’ आणि ‘एम्पथी’ : अर्थभेदाचा विचार

इंग्रजी शिकू लागलेल्या प्रौढ मराठी माणसाला ‘सिंपथी’ हा शब्द अडत नाही. ‘सहानुभूती’ हा प्रतिशब्द त्याला ठाऊक असतो. अडचण येते ती ‘एम्पथी’पाशी. तिच्यासाठी समानुभूती, तदनुभूती असे शब्द सुचविले गेले असले, तरी बोलताना दोन्हीकडे सहानुभूतीच येते. गंमत अशी की, ‘सह’ आणि ‘अनुभूती’ अशी फोड केल्यास हा शब्द एम्पथीच्याच जवळ जातो. ग्रीकमधून आलेल्या सिंपथीचा मूळ अर्थही ‘सोबत भोगणे’ असाच. रूढीने मात्र तिला हळहळ, सांत्वन व पाठिंबा हे अर्थ आले. एम्पथी हा शब्द बराच अलीकडचा होय. ‘आत शिरून अनुभवणे’ अशा अर्थाच्या एका जर्मन शब्दासाठी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी तो १९०९ साली इंग्रजीत रूढ केला.

हा भेद अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि पुढे गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. समजा, अशा एखाद्या गावात जुलाबाने मूल मलूल झाले आहे आणि आई त्याला पाणी देत नाही. बाहेरून आलेला पाहुणा हळहळतो, औषधासाठी पैसेही पुढे करतो. ही सिंपथी. ती खरी आहे. पण आई पाणी का देत नाही, हे त्याला उमगलेले नाही. आरोग्यसेविका आईच्या जागी उभी राहून पाहते. पाण्याने जुलाब वाढतील, ही तिची भीती आहे, निष्काळजीपणा नव्हे. म्हणून सेविका दोष न देता त्या भीतीपासूनच बोलणे सुरू करते आणि मग मीठ-साखरेचे पाणी चमच्याने पाजून दाखविते. ही एम्पथी.

मात्र ‘माझ्याही मुलाला असेच झाले होते’ असे म्हटल्याने एम्पथी सिद्ध होत नाही. पुष्कळदा त्याने बोलणे आईकडून सेविकेकडेच वळते. तोच अनुभव स्वतः घेतलेला असावा, अशीही अट नाही. शिवाय एम्पथीत दया असतेच असे नाही. कर्जदाराची धास्ती सावकार नेमकी ओळखतो आणि तिचाच फायदा घेतो. त्याला एका अर्थाने एम्पथी आहे, सिंपथी मुळीच नाही.

वापरातही फरक आहे. शोकपत्रात ‘माय सिंपथीज’ लिहितात, ‘माय एम्पथीज’ लिहीत नाहीत. एखादा अधिकारी मागणीला ‘सिंपथेटिक’ आहे, असे इंग्रजी पत्रात आले, तर तो मागणीला अनुकूल आहे एवढेच समजावे. त्याला कोणाची कीव आली आहे, असा अर्थ काढू नये.