लाइटनिंग पेमेंट येत नाही? आधी चॅनेलची बाजू बघा

समजा, बीडमधल्या दुकानासाठी तुम्ही १,००,००० सॅट्स टाकून नवीन चॅनेल उघडलं. गिऱ्हाईक २०,००० पाठवतंय आणि त्याच्या स्क्रीनवर `no route` येतंय. बॅलन्स तर भरपूर आहे, मग अडलं कुठं?

सगळे सॅट्स तुमच्याच बाजूला आहेत. समोरच्या बाजूला शून्य, म्हणजे तुमच्याकडे यायला काहीच नाही. वॉलेटमध्ये 'किती घेऊ शकता' तो आकडा बघा.

उपाय सोपा आहे. त्याच चॅनेलमधून ३०,००० सॅट्स बाहेर पाठवा. स्वतःच्या दुसऱ्या वॉलेटलाही चालतं. समोर साधारण १,००० राखीव राहतात, म्हणून आता जवळपास २९,००० घेता येतील. नवीन इन्व्हॉइस द्या, २०,००० येतील. बाहेर पाठवायचे नसतील, तर फी भरून समोरच्याकडून तुमच्याकडे चॅनेल उघडून घ्या.

तरीही अडलं, तर १,००० मागून बघा. तेवढे आले, तर वाटेतलं एखादं चॅनेल कमी पडतंय. रक्कम तुकड्यांत घ्या.