शंका-समाधान : साखर आटोक्यात, मग इन्सुलिनचा दोष कसा?

प्रश्न : माझे वय ४२, वजन ७८ किलो, पोटाचा घेर ९८ सेंमी. दारूला कधी शिवलो नाही, तरी सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ निघाले. उपाशीपोटी साखर १०४ आहे. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन रेझिस्टन्स आहे. मला मधुमेह झाला का? लिव्हर निकामी होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : १०४ म्हणजे मधुमेह नव्हे. १०० ते १२५ ही त्याआधीची पायरी आहे. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये (इन्सुलिनला पेशी पुरेशी दाद देत नाहीत ती अवस्था) स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून साखर आवरते. त्यामुळे रिपोर्ट बरीच वर्षे बरे दिसतात. पोटातली चरबी मात्र इन्सुलिनला न जुमानता स्निग्धाम्ले रक्तात सोडत राहते आणि ती यकृतात साठतात. शिवाय जादा इन्सुलिनमुळे यकृत स्वतःही साखरेपासून चरबी बनवते. म्हणून दारू न पिणाऱ्यालाही हा त्रास होतो. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीपुढचा घेर धोक्याची सूचना मानतात.

ग्रेड १ असलेल्या बहुतेकांचे यकृत निकामी होत नाही. खरा प्रश्न फायब्रोसिसचा (यकृतात व्रण पडून ते कडक होण्याचा) असतो आणि तो ग्रेडवरून कळत नाही. तुमचे वय, एसजीओटी, एसजीपीटी व प्लेटलेट यांवरून डॉक्टर त्याचा अंदाज बांधतात, तेव्हा या तपासण्या घेऊन फिजिशियनना भेटा. तुमचे वजन चार किलो घटले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. सूज उतरायला साधारण साडेपाच ते आठ किलो घटावे लागतात. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साठले किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची. पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, मान काळी पडली आहे. कितीही घासली तरी जात नाही. सोनोग्राफीत ‘पीसीओएस’ आले. या गाठी कॅन्सरच्या तर नसतील? पुढे तिला मूल होईल ना?
– एक काळजीत पडलेली आई

उत्तर : त्या कॅन्सरच्या गाठी नाहीत. पूर्ण न वाढता थांबलेली बीजकोशांची ती पुटके आहेत. मानेवरचा काळेपणाही मळ नाही. जादा इन्सुलिनने तिथली त्वचा जाड होते, तेव्हा घासणे थांबवा. तेच इन्सुलिन बीजांडकोशाला अधिक अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरक) बनवायला लावते. त्यामुळे बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते आणि केस वाढतात. मात्र पीसीओएस असलेल्या प्रत्येकीला इन्सुलिन रेझिस्टन्स असतोच असे नाही. तो सडपातळ मुलींतही आढळतो.

पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होते, काहींना औषधांची मदत लागते. वजन जास्त असेल, तर पाच टक्के घटूनही अनेकींची पाळी मार्गी लागते. तरीही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. थायरॉइड व प्रोलॅक्टिन तपासून दुसरे कारण वगळावे लागते, तसेच ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहावी लागते. पाळी वारंवार तीन महिने लांबू देऊ नका, कारण गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. केस झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर थांबू नका, लगेच तपासणी करून घ्या.