सहा रुपयांची मेल

ऑक्टोबर २०२४. सप्टेंबरात केंद्राने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं होतं आणि तेलाचा डबा कडाडला होता. आम्ही घरोघरी देतो तो जेवणाचा डबा ९० वरून ९६ रुपये करायचं ठरवलं. मी भाच्याला गिऱ्हाइकांच्या मेलसाठी सगळा हिशेब लिहून दिला, पण तो म्हणाला, “मावशी, एवढं कोण वाचतं?” आणि त्याने छापील भाषेत पाठवून दिलं: “तेलाच्या दरवाढीमुळे नाममात्र वाढ करत आहोत. आपल्यासारख्या निष्ठावान ग्राहकांचे सहकार्य अपेक्षित.”

तासाभरात एका जुन्या गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. आमचे सगळ्यात जुने काका, बँकेतून निवृत्त. “एका डब्याला तेल २५ ग्रॅम. किलोमागे २४ रुपये वाढले, म्हणजे ६० पैसे. उरलेले ५ रुपये ४० पैसे कशाचे?” हेच त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. आकडा बरोबर होता, म्हणून तर जास्त झोंबलं. मला एक फोन करायला त्यांचं काय जात होतं? त्यांना पथ्याची बिनमिठाची भाजी इतकी वर्षं वेगळी करून दिली, ती कधी हिशेबात धरली नाही मी.

भाच्याने गाळलेला हिशेब असा होता: पोळीवाल्या बाईंची मजुरी पोळीमागे ३ वरून साडेतीन, म्हणजे चार पोळ्यांचे २ रुपये. डबा पोचवणाऱ्या मुलाचे २. तेल ६० पैसे. गॅस, डाळ, भाजी मिळून १ रुपया ४० पैसे. झाले सहा. तोच मी ग्रुपवर टाकला, तेव्हा कुठे आवाज बंद झाले.

म्हणून सांगते, दर वाढवताना एकाच कारणावर सगळी वाढ लादू नका. कारणांची बेरीज वाढीइतकी भरली पाहिजे. “नाममात्र” लिहू नका. २६ डब्यांचे महिन्याला १५६ रुपये होतात, ते तुम्हीच सांगा. आकडा मेलच्या विषयातच असू द्या: “१ नोव्हेंबरपासून डबा ९० ऐवजी ९६ रुपये.” आत पहिल्याच ओळीत लिहा, “तुम्ही आधी भरलेल्या पैशांचे डबे संपेपर्यंत जुनाच दर राहील. पोळ्या चारच, भाजी-आमटी तेवढीच.” लोकांना खरी धास्ती असते ती पोळी कमी होण्याची.

जुन्या दराने आगाऊ पैसे घ्यायचे तर एकाच महिन्याचे घ्या, नाहीतर लोक वर्षाचे भरतात आणि वाढ कागदावरच राहते. कुणाला गुपचूप सूट देऊ नका, जिन्यात सगळे बोलतात. सगळ्यात जुन्या घरांना मेलच्या आदल्या दिवशी फोन करा. भाषा नम्र ठेवा, वगैरे.

काका अजून आमचाच डबा खातात, ९६ रुपयांत. ग्रुपवर मात्र “हिशेब पटला” एवढं लिहायला त्यांना अजून सवड झालेली नाही.