ऑर्डरी दोनशे, हिशेब दोनशे चाळीसचा

प्रश्न : यवतमाळात माझं साड्यांचं दुकान आहे, ऑनलाइनही विकते. महिन्यात २०० ऑर्डरी आल्या. फेसबुक-इन्स्टाग्राम म्हणतं १३० आमच्या जाहिरातीमुळे, गूगल म्हणतं ११०. खोटं कोण बोलतंय? गिऱ्हाइकांनाच विचारलं तर कळेल का?

उत्तर : खोटं कोणीच बोलत नाही, ताई. दोघंही तीच ऑर्डर आपापल्या वहीत लिहितात. सेटिंग बदललं नसेल, तर फेसबुकवाली मेटा कंपनी जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत, किंवा ती नुसती दिसल्यापासून १ दिवसात झालेली खरेदी आपली मानते. गूगल क्लिकनंतर ३० दिवस थांबतं. बुधवारी इन्स्टाग्रामवरून आणि गुरुवारी गूगलवरून आलेली एकच बाई दोन्हीकडे मोजली जाते. म्हणून या आकड्यांची बेरीज करायचीच नाही.

गिऱ्हाइकांना जरूर विचारा, पण पैसे भरून झाल्यावर आणि एकच प्रश्न : ‘आमच्याबद्दल सगळ्यात आधी कुठं कळलं?’ पर्यायांचा क्रम प्रत्येकीला वेगळा दिसू द्या, नाहीतर पहिल्यावरच जास्त बोटं पडतात. जिथं कधीच जाहिरात दिली नाही असाही एक पर्याय ठेवा, उदाहरणार्थ रेडिओ. तो किती जणींनी निवडला, यावरून न वाचता दिलेल्या उत्तरांचा अंदाज येतो.

समजा १२० जणींनी उत्तर दिलं. नातेवाईक-मैत्रिणींकडून ५४, फेसबुक-इन्स्टाग्राम ४२, गूगल १२, दुकानाची पाटी ९, रेडिओ ३. रेडिओचे तीनच, म्हणजे बहुतेकींनी वाचून उत्तर दिलं. आता टक्केवारी २०० ऑर्डरींना लावा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या ७० होतात, गूगलच्या फक्त २०. सगळ्यात मोठी तफावत गूगलची आहे, आणि तिचं कारण बहुधा साधं असतं. पुसदची नणंद तुमचं नाव सुचवते, वहिनी ते गूगलवर टाकते, वर तुमचीच जाहिरात दिसते आणि ती त्यावरच क्लिक करते. श्रेय नणंदेचं, खर्च तुमचा.

हे पडताळता येतं. गूगल अ‍ॅड्समध्ये ‘Search terms’ उघडा. ऑर्डरी देणारे बहुतेक शोध तुमच्या दुकानाच्या नावाचेच असतील, तर नावावरची जाहिरात दोन आठवडे बंद ठेवून एकूण ऑर्डरी पाहा. हा प्रयोग नवरात्रात मात्र करू नका. दुर्गोत्सवाच्या गर्दीत विक्री तशीही वाढते आणि जाहिरात बंद केल्याचा परिणाम दिसतच नाही.

उलट, पाहणीतले ७० हेही अंतिम सत्य नाही. सरकत्या पडद्यावर पाहिलेली जाहिरात बाई विसरते आणि ‘मैत्रिणीनं सांगितलं’ एवढंच तिच्या लक्षात राहतं. शिवाय ८० जणींनी उत्तरच दिलेलं नाही, त्या कुठून आल्या हे आपण धरून चाललो आहोत. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर बजेट कापू नका. प्रश्न आणि पर्याय तेच ठेवा, एखाद्या महिन्यात इन्स्टाग्रामचा खर्च वाढवा आणि एकूण ऑर्डरींसोबत त्या उत्तराचा वाटा वाढतो का ते बघा. मेटाचा आकडा फुगला पण या दोन्ही गोष्टी जागच्या हलल्या नाहीत, तर वाढवलेला खर्च परत घ्यायला हरकत नाही.