रासीचे दर, एका कागदावर

दसरा जवळ आला की लातूर-नांदेडकडे सोयाबीन कापून रानात बनीम लागते. मग ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र आहे, त्याचा फोन थांबत नाही. “मामा, राशीला काय घेताव? कधी येताव?” दिवसातून वीस-वीस वेळा हाच प्रश्न.

औसा तालुक्यात आमच्या ओळखीचे असे एक मामा आहेत. ते तोंडीच भाव सांगत. एका भावाला सकाळी सांगितले, रोटा एकरी १,२०० रुपये. त्याच्या धाकट्या भावाला संध्याकाळी घाईत सांगितले, १,१००. दोघांचे रान एकाच बांधाला लागून. दोघे हॉटेलात चहाला बसले, तेव्हा गोष्ट उघडी पडली. थोरल्याने १०० रुपये कापूनच पैसे दिले. एवढ्यावर भागले असते तर ठीक. पण खरा फटका राशीत बसला.

मामांचा राशीचा भाव होता कट्ट्याला १५० रुपये. आता कट्टा म्हणजे किती? मामांच्या मनात ५० किलो. शेतकऱ्याने कट्टे दाबून भरले, ६५ किलोचे. माल निघाला ३९ क्विंटल, म्हणजे ३,९०० किलो. ५० किलोने ७८ कट्टे झाले असते, त्याचे ११,७०० रुपये. भरले मात्र ६० कट्टे, त्याचे ९,००० रुपये. मामांचे २,७०० रुपये कमी आले. शेतकऱ्याने खोटे काही केले नव्हते. कट्ट्याला १५० ठरले होते, कट्ट्याला १५० त्याने दिले. बोलणे वाढले, आणि पुढच्या साली ते घर दुसऱ्या मशीनकडे गेले.

तेव्हा मामा आमच्याकडे कागद घेऊन आले. म्हणाले, “एक पान लिहून द्या. जो विचारील त्याला तेच दाखवतो.” आम्ही म्हटले, लिहू आपण मिळून, पण आधी माप ठरवू. भाव मागाहून.

राशीचे माप क्विंटल धरले. क्विंटलला ३०० रुपये. हा भाव ५० किलोच्या कट्ट्याला १५० एवढाच पडतो, पण आता कट्टा लहान भरा की मोठा, फरक पडत नाही. सगळे कट्टे तोलत बसायला रानात वेळ नसतो. म्हणून पाच कट्टे काट्यावर घालायचे, त्यांची सरासरी काढायची आणि कट्ट्यांच्या संख्येने गुणायचे. हे पाच कट्टे दोघांनी मिळून निवडावेत.

रोट्याचे आणि पेरणीचे माप एकर. पण “दोन एकर असेल बघा” यावर जाऊ नये. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. ४० आर म्हणजे जवळपास एक एकर. सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर असेल तर ते दोन एकर झाले. पडीक तुकडा त्यातून वजा करावा, नाहीतर शेतकरी म्हणेल, न नांगरलेल्याचेही पैसे घेता काय.

मग भाव. मामांनी वहीत मांडलेले असे होते: एका एकराच्या रोट्याला डिझेल ६ लिटर, लिटरला ९२ रुपये धरले तर ५५२ रुपये. ड्रायव्हरचे १५०. पाती झिजतात, त्याचे १००. झाले ८०२. भाव १,२०० ठेवला तर ३९८ उरतात, आणि त्यातूनच ट्रॅक्टरचा हप्ता. ज्याचे रान कडक, त्याला डिझेल जास्त लागेल. म्हणून आपला आकडा आपल्या टाकीवरून काढावा. टाकी भरून सुरू करा, काम झाल्यावर पुन्हा भरा. जेवढे डिझेल परत बसले तेवढे लागले.

ही मांडणी वहीतच राहू द्यावी, पानावर घेऊ नये. मामांना वाटत होते, खर्च दाखवला की गिऱ्हाइकाला भाव पटेल. तसे होत नाही. तो म्हणतो, “ड्रायव्हर कशाला, तुम्हीच चालवा, १५० कमी करा.” भाव राहतो बाजूला आणि एकेका ओळीवर घासाघीस चालते.

शेवटी पान असे झाले:

राशीचे व रानाचे दर
(मालकाचे नाव, गाव, फोन)
१ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर

सोयाबीनची रास – क्विंटलला ३०० रु.
रोटा – एकरी १,२०० रु.
हरभरा पेरणी – एकरी ८०० रु.
गावापासून ५ किलोमीटरपर्यंत येण्याचे वेगळे पैसे नाहीत. त्यापुढे एका खेपेला ३०० रु.
अर्ध्या एकराच्या आतील रानाला अर्ध्या एकराचे पैसे.
राशीला मशीनवर घालणारी माणसे शेतकऱ्याची. डिझेल व ड्रायव्हर आमचा.
बनीम ओली असल्यास रास होणार नाही. रानात वाफसा असावा.
बियाण्याच्या सोयाबीनचा व दगडाच्या रानाचा भाव पाहून सांगू.
पैसे काम झाल्यावर रानातच.

शेवटून दुसरी ओळ का, ते सांगतो. बियाण्याला ठेवायचे सोयाबीन जोरात मळले तर दाणा फुटतो, वरून चांगला दिसला तरी आतून दुखावतो आणि उगवत नाही. त्यासाठी ड्रमचा वेग कमी ठेवावा लागतो, वेळ जास्त जातो. असे काम पाहिल्याशिवाय भाव लिहिला तर एकतर आपण बुडतो, नाहीतर दाणा.

पहिल्या कच्च्या पानावर मामांनी आणखी बरेच लिहिले होते. “९०० रुपयांपासून पुढे” असे एके ठिकाणी होते. ते आम्ही खोडले. वाचणाऱ्याच्या ध्यानात ९०० राहतात, “पुढे” राहत नाही. “पाहुण्यांना सूट” हेही खोडले. खेड्यात पाहुणा कोण नाही? सूट द्यायची तर पैसे घेताना हाताने द्यावी. “फोन करताच हजर” हेही गेले. एक पाऊस पडला की तीन दिवस मशीन उभे राहते, मग हजर कुठून होणार? शेजारच्या मशीनचा भाव लिहून “आमचा त्याहून कमी” असे होते, तेही नको. त्याने उद्या भाव उतरवला तर आपले पान खोटे ठरते. आधारचा नंबर आणि बँकेचे खाते तर मुळीच घालू नये. पान या हातातून त्या हातात जाते, कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

मशीन किती जोराचे, कोणत्या कंपनीचे, हे मामांना फार लिहायचे होते. आम्ही एक ओळ लिहू दिली असती, पण पान भरले. ट्रॅक्टरचा फोटोही ठेवला नाही.

बहुतेक लोक हे पान मोबाईलवरच पाहतात. म्हणून कागदावर जाड पेनाने मोठी अक्षरे काढून, दिवसाउजेडी सरळ वरून फोटो घ्यावा. मग घरातल्या ज्याला कमी दिसते त्याला फोन धरून वाचायला लावावे. मामांच्या आईला “३००” ऐवजी “२००” दिसले. तो आकडा पुन्हा मोठा काढला, फोटोही पुन्हा घेतला.

वरची तारीख मात्र विसरू नये. डिझेल वाढले की जुने पान फिरत राहते आणि लोक तेच दाखवून भांडतात. मामा आता हंगाम संपला की भिंतीवरचे पान काढतात, आणि नव्या पानावर नवी तारीख घालूनच पाठवतात. कोणी जुने पान दाखवले तर ते भावाबद्दल बोलतच नाहीत, तारखेवर बोट ठेवतात.